मानपत्रातलं केवळ

चंपतराव गभणे दुकानाची पायरी चढायला लागले की मी आधी दौतीला झाकण लावते. ते आले म्हणजे काहीतरी पुन्हा लिहावं लागणार हे ठरलेलं. अकरा वर्षं हेच चाललंय, आणि अकरा वर्षं मी दर वेळी चिडते.

माझं नाव रोशनी मेश्राम. गांधीबागेत आमचं फ्रेमचं दुकान आहे. बाबा पाट्या रंगवायचे, मी मानपत्रं लिहिते. कोणाचा सत्कार असला की स्टेजवर उभं करून मानपत्र वाचतात, टाळ्या होतात आणि ते काचेत बसवून घरच्या भिंतीवर जातं. त्यातली अक्षरं माझी आणि मजकूर चंपतरावांचा. नागपुरातल्या किती दिवाणखान्यांत आमची ही जोडी लटकलेली असेल, देव जाणे. खाली नाव मात्र दोघांचंही नसतं.

चंपतराव मूळचे खाप्याचे. मॅट्रिक होऊन नागपुरात आले आणि एका दैनिकात लागले. काम काय, तर मूळ प्रत मोठ्यानं वाचून दाखवायची, समोरच्यानं छापलेला मजकूर पडताळायचा. वाचताना स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं तोंडानं म्हणायचं. पुढे ते स्वतः मुद्रितशोधक झाले आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ करत बसले. त्यांच्या घरच्या काकू होत्या तेव्हा सांगायच्या की हा माणूस जेवताना भाजीला नावं ठेवत नाही, पण भाजीवाल्याच्या पाटीला ठेवतो. आता चौऱ्याहत्तर वय आहे. अंगात पांढरा शर्ट, खिशात लाल शाईची तीन पेनं, आणि डोळे असे की माशी कुठं बसली होती तेही दाखवतील.

त्यांचं सगळ्यात मोठं वैर 'केवळ' या शब्दाशी. मानपत्र लिहिणाऱ्या कोणालाही हा शब्द सुटत नाही. आपण केवळ शिक्षकच नव्हे तर, आपण केवळ डॉक्टरच नव्हे तर. लोकांना त्याशिवाय सत्कार झाल्यासारखंच वाटत नाही. चंपतरावांचं म्हणणं, वापरा ना, पण धड बसवा. एकदा एका मुख्याध्यापकांच्या मानपत्रात मंडळानं लिहून पाठवलं होतं, 'आपण केवळ विद्यार्थ्यांना शिकवलेच नाही, तर पालकांनाही.' चंपतरावांनी कागद माझ्यापुढे धरला आणि दोन बोटांनी आधी मागचा भाग झाकला. आपण विद्यार्थ्यांना शिकवले. ठीक. मग पुढचा भाग झाकला. आपण पालकांना. पालकांना काय केलं? शिकवलं, की वळण लावलं, की फी वाढवून छळलं? वाक्य तिथं उघडंच पडलेलं. 'केवळ' आणि 'च' ज्याला धरतात, 'ही'नं त्याच्याच जोडीदाराला धरायचं. माणसासमोर माणूस, कामासमोर काम. इकडे काम आणि तिकडे माणूस असं केलं की ऐकणारा मधली जागा स्वतःच्या मनानं भरतो, आणि लोक नेहमी आपल्याला सोयीचं तेच भरतात.

मी तेव्हा म्हटलं होतं, काका, स्टेजवर एवढं कोण ऐकतं? त्यांनी कागद तसाच माझ्यापुढे धरून ठेवला. मग मीच पुन्हा लिहिलं, 'आपण केवळ विद्यार्थ्यांनाच नव्हे, तर पालकांनाही घडवले.' मुख्याध्यापक वाचून खूश झाले आणि मी मनातल्या मनात हरले.

आता त्या दिवसाची गोष्ट. ऑगस्टचा पहिला आठवडा, हातमाग दिनाच्या निमित्तानं एका विणकर मंडळाचा कार्यक्रम होता, दुपारी चार वाजता, सक्करदऱ्याच्या एका सभागृहात. सत्कार जागेश्वर पराते यांचा. तांडापेठेतले हे म्हातारे विणकर, शहात्तर वर्षांचे. करवती काठाची लुगडी विणण्यात त्यांचं नाव. करवतीच्या दातांसारखी काठाची किनार असते म्हणून करवती. आता शहरात असे काठ विणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरले नाहीत. मजकूर चंपतरावांनी आठ दिवस आधीच दिला होता. त्यातलं मुख्य वाक्य होतं, 'आपण केवळ लुगडी विणलीच नाहीत, तर नव्या पिढीला माग चालवायला शिकवलेही.'

आदल्या दिवशी मंडळाचा सचिव कुशल नंदनवार याचा मेसेज आला. मुलगा भला, बँकेत नोकरी करून मंडळाचं सगळं एकट्यानं बघतो. त्यानं लिहिलं होतं की मानपत्रात वहिनींचं, म्हणजे जागेश्वररावांच्या पत्नीचं नाव कुठेच नाही, ते बरं दिसत नाही, म्हणून मी एक वाक्य बदललंय. बदललेलं वाक्य असं, 'आपण केवळ लुगडी विणलीच नाहीत, तर सौ. अनुसयाबाईंनीही आपल्याला साथ दिली.' वाचून मला बरं वाटलं. बायकोचं नाव आलं ना, छान. चंपतरावांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, आलं असतं तरी विचारलं नसतं. सगळं मानपत्र हातकागदावर लिहून मोकळी झाले, लाल आद्याक्षर काढलं, चारही कोपऱ्यांत करवतीचे दात काढले. खरंच देखणं झालं होतं.

सकाळी अकराला चंपतराव आले. झाकण लावायला मी विसरले. त्यांनी नेहमीसारखं वरून खाली वाचलं आणि त्या ओळीवर येऊन थांबले. दोन बोटं उठली.

आपण लुगडी विणली. सौ. अनुसयाबाईंनी आपल्याला साथ दिली. 'केवळ'नं धरलं विणणं, आणि 'ही'नं धरली बाई. मी लगेच म्हटलं, अर्थ कळतोय ना, काका. त्यांनी विचारलं, काय कळतोय? मी सांगायला गेले आणि अडखळले. 'अनुसयाबाईंनीही' म्हटलं की वाटतं, आणखी कोणीतरी साथ दिली होती. नाहीतर वाटतं, त्यांनीही विणलं असणार. पण पुढे तर साथ लिहिलंय. म्हणजे विणणारा एक, आणि बाई चहा करून देणारी?

"हे वाक्य घरात लागन," चंपतराव म्हणाले. "नातवंडं वाचतीन. त्या बाईनं काय केलं ते यात आहे का नाही, हे तुले मालूम आहे का वं?"

मला मालूम नव्हतं. त्यांनाही नव्हतं. त्यांनी कुशलला फोन लावला. कुशल बिचारा सभागृहात खुर्च्या मोजत होता. तो म्हणाला, काका, सगळ्याच मानपत्रांत साथ लिहितात, ऐकायला चांगलं वाटतं. वहिनी मागावर बसायच्या का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, त्यानं कधी विचारलंच नव्हतं. चंपतरावांनी फोन ठेवला. मी म्हटलं, तुम्हीच नीट करा ना मग, एका शब्दाचं तर काम. तेव्हा ते माझ्यावरच उखडले. एकतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या वाक्यात स्वतःचा अर्थ घातला नव्हता. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि लिहिणाऱ्याला विचारायचं, हा त्यांचा धंद्याचा नियम. आणि इथं लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना विचारायचं.

"गाडी काढ," ते म्हणाले.

आता हा माणूस स्कूटरवर मागे बसला की दर पाटी मोठ्यानं वाचतो. त्या दिवशी मात्र गप्प होता. मला राग येत होता आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायला लागली होती. चार वाजता कार्यक्रम, हातकागदाचा माझ्याकडे आता एकच ताव शिल्लक, आणि आम्ही एका शब्दाची जागा विचारायला तांडापेठेच्या गल्ल्यांत घर शोधत फिरतोय.

घर सापडलं. जागेश्वरराव नवीन धोतर नेसून तयार बसले होते, जणू गाडी दारात उभी आहे. पुढच्याच खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, चार वर्षांपासून बंद, कारण गुडघा साथ देत नाही. अनुसयाबाई आतून पाणी घेऊन आल्या. सत्तरीच्या, बारीक, नऊवारी लुगडं. चंपतरावांनी आडवळण घेतलं नाही. विचारलं की करवती काठ विणायचा कसा.

जागेश्वररावांची कळी खुलली. ते मागात उतरूनच बसले, गुडघा विसरून. आडवं सूत नेणारे धोटे तीन, मधल्या अंगाचा एक आणि दोन्ही काठांचे दोन. काठाचं सूत आणि अंगाचं सूत प्रत्येक वेळी एकमेकांत अडकवायचं, आणि ती अडकवायची जागा एकेक करून पुढे सरकवायची, मग एकेक करून मागे आणायची. तेव्हा दात दिसतो. एक मोजणी चुकली की दात वाकडा. त्यांनी हात हवेत फेकून दाखवला आणि एकदम थांबले, डावीकडे बघायला लागले. तिथं एक पाट होता, मध्ये झिजून खोलगट झालेला. त्यावर कोण बसायचं, हे विचारावंच लागलं नाही. अनुसयाबाई दाराला टेकून पदर चाळवत होत्या.

डाव्या काठाचा धोटा त्या फेकायच्या. अडतीस वर्षं. आणि दात मोजायच्याही त्याच, कारण जागेश्वररावांचं मोजणीत लक्ष लागत नसे, ते गाणी म्हणत बसायचे. ज्या काठासाठी त्यांचा आज सत्कार होणार होता तो काठ निम्मा नव्हे, मोजणीपुरता सगळाच बाईंचा होता. आणि मी लिहून बसले होते साथ.

चंपतरावांनी खिशातून लाल पेन काढलं, माझ्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर दोन वाक्यं लिहिली आणि मोठ्यानं वाचली. पहिलं, 'ही करवती लुगडी केवळ आपणच नव्हे, तर सौ. अनुसयाबाईंनीही विणली.' दुसरं, 'सौ. अनुसयाबाईंनी केवळ साथच दिली नाही, तर काठही विणला.' दोन्ही सरळ आहेत, त्यांनी सांगितलं. पहिल्यात माणसासमोर माणूस आहे, म्हणून विणकर दोन. दुसऱ्यात कामासमोर काम आहे, म्हणून बाईंची कामं दोन, साथ आणि काठ. पण त्यात लुगडं कोणाचं, ते वाक्य सांगत नाही. कोणतं खरं, ते मी ठरवणार नाही, तुम्ही सांगा.

अनुसयाबाई लगेच म्हणाल्या, दुसरंच ठेवा, नाहीतर ते साथवालं आधीचंच बरं होतं. त्यांना भीती वाटत होती. लोक म्हणतील म्हातारपणी नवऱ्याच्या सत्कारात वाटा मागायला आली. कार्यक्रमाला चार नातेवाईक येणार, त्यांच्यासमोर नवऱ्याचं नाव खाली यायला नको. मला वाटलं, संपलं आता सगळं, आपली धावपळ फुकट गेली. चंपतरावांचा चेहराही उतरला, पण ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या नियमात ते बसत नव्हतं.

बोलले जागेश्वरराव. मागात बसल्या बसल्याच.

"साथ कायची? म्या गाणे म्हटले, इनं दात मोजले. साथ तर म्या देल्ली." मग चंपतरावांकडे वळून म्हणाले, "आजवर मले कोणी पुसलंच नाही ना भाऊ. काठ कोणाचा म्हणून कोणीच पुसलं नाही. इचं नाव पयले टाका."

अनुसयाबाई काही म्हणणार तेवढ्यात चंपतराव उत्साहानं खाटेवरून उठलेच. नाव पहिलं नको, म्हणाले, पहिल्याच वाक्यात आहे तसं दुसऱ्या जागी पाहिजे. 'केवळ'ची जागा लोकांना जे आधीच ठाऊक आहे त्याची. जागेश्वर पराते विणकर आहे हे सगळ्या तांडापेठेला ठाऊक आहे, म्हणून त्यांचं नाव तिथं. 'नव्हे तर' म्हटलं की ऐकणारा मान वर करतो, आता काहीतरी नवं येणार म्हणून. तिथं अनुसयाबाई. नाव खाली जात नाही, उलट सभागृह त्या नावापाशी येऊन थांबतं. जागेश्वररावांनी दोनदा ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि मान डोलावली. अनुसयाबाई पाण्याचे पेले उचलून आत गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

दुकानात पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. एक ताव, पावणेतीन तास, त्यात लिहायचं, वाळवायचं, काचेत बसवायचं आणि सक्करदऱ्यापर्यंत पोचवायचं. चूक झाली तर दुसरा कागद नाही. मी पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि लिहायला बसले. चंपतराव समोर बसून त्यांच्या जुन्या पद्धतीनं वाचत होते, 'ही करवती लुगडी केवळ आपणच नव्हे स्वल्पविराम तर सौ पूर्णविराम अनुसयाबाईंनीही विणली पूर्णविराम.' एरवी मी त्यांना गप्प बसवलं असतं. त्या दिवशी तो आवाज मला हवा होता. हात इतका हलका चालत होता की मलाच माझं नवल वाटलं. 'अनुसयाबाईंनीही'मधल्या त्या शेवटच्या 'ही'ची वेलांटी मी जरा मोठीच काढली. चंपतरावांनी बघितलं, हरकत घेतली नाही. मोठ्या आश्चर्याची गोष्ट आहे ही.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही सभागृहाच्या दारात होतो. मी धापा टाकत फ्रेम स्टेजवर नेऊन दिली आणि मागच्या रांगेत चंपतरावांशेजारी येऊन बसले. दोनशे माणसं तरी असतील. अनुसयाबाई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होत्या. सगळं व्यवस्थित झालं म्हणून मी पाय पसरले. कुशल माइकपाशी आला, त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि वाचायला लागला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नवं वाक्य त्याला कोणीच पाठवलं नव्हतं. धावपळीत मी विसरले होते, चंपतराव विसरले होते. कुशलच्या मोबाइलमध्ये कालचंच मानपत्र होतं. मी चंपतरावांचा हात धरला. मी उठायला लागले तर त्यांनी मला खाली ओढलं. मानपत्र त्यांचं आहे, ते म्हणाले, आपण मधात नाही बोलत.

कुशल छान आवाजात त्या ओळीवर आला. 'आपण केवळ लुगडी विणलीच नाहीत, तर सौ. अनुसयाबाईंनीही आपल्याला साथ दिली.' लोकांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या. बायकोचं नाव आलं, सगळ्यांना बरं वाटलं. माझे डोळे भरून आले, रागानं. एवढ्या धडपडीचं शेवटी हे झालं, आणि कोणाला कळलंसुद्धा नाही.

जागेश्वरराव फ्रेम छातीशी धरून उभे होते. त्यांनी ती खाली केली, चष्मा पुढे ओढला आणि कागदाकडे बघितलं. मग कुशलच्या हातातला माइक हळूच बाजूला घेतला.

"असं नाही लिवलं हिच्यात," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं काचेवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, एकेक अक्षर जोडत. ही. करवती. लुगडी. केवळ. 'आपणच'पाशी अडकले, पुन्हा मागे गेले. नव्हे. तर. इथं ते थांबले. चंपतरावांनी सांगितलं होतं तसं झालं, पण सगळ्या सभागृहानं मान वर केली ती काही वाक्याच्या रचनेमुळे नव्हे. म्हातारा रडत होता.

"सौ. अनुसयाबाईंनीही विणली."

कोणी टाळी वाजवली नाही. कुशल मोबाइलकडे आणि फ्रेमकडे आलटून पालटून बघत होता. तिसऱ्या रांगेत अनुसयाबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, लाजून बाहेर निघून जातील. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला, तिथल्या तिथं उभ्या राहून नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"अजून एकदा वाचा ना जी."

जागेश्वररावांनी पुन्हा वाचलं. या वेळी कुठेही न अडखळता.